नावांची यादी नाकारताना पत्रात या चुका टाळा

सल्लागाराने व्यवसायासाठी पाच नावं सुचवली, त्यातलं एकही घ्यायचं नाही असं ठरलं आणि आता तसं कळवायचं आहे. नावं सुचवण्याच्या माझ्या कामात मालकांची अशी पत्रं मला नेहमी येतात. बऱ्याच पत्रांचा मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो: "नावं चांगली आहेत, पण मनात भरली नाहीत. आणखी काही बघू या." पत्र सभ्य आहे, पण त्यावरून पुढचं काम करता येत नाही. नाव लांब पडलं, की उच्चाराला अवघड गेलं, की कुणासारखं तरी वाटलं, हे कळायला मार्गच नसतो. मग दुसरी यादीही अंदाजानेच होते आणि करारात ठरलेल्या मोजक्या फेऱ्यांपैकी एक फुकट जाते.

एक उदाहरण घेऊ. वजनकाटे दुरुस्त आणि कॅलिब्रेट करून देणारा छोटा व्यवसाय आहे. प्रयोगशाळेतल्या नाजूक तराजूपासून ट्रक तोलणाऱ्या वे-ब्रिजपर्यंत सगळी कामं तो घेतो. त्याला सुचवलेली नावं अशी: अचूक, निकष, मिलिग्रॅम, ध्रुव, तोलिका.

आवडनिवड सांगणं, कारण न सांगणं

पत्राच्या पहिल्या मसुद्यात मालकाने लिहिलं, "निकष जरा जड वाटतं." आता जड म्हणजे काय? सल्लागार त्याचा अर्थ 'फार संस्कृत' असा घेईल आणि पुढच्या वेळी बोलीतली हलकीफुलकी नावं पाठवेल. मालकाची अडचण मात्र वेगळीच असू शकते, आणि ती त्याची त्यालाही लगेच सापडत नाही.

ती शोधायची तर नाव रोज जिथे वापरलं जाणार तिथे नेऊन बघायचं. या व्यवसायात अशा जागा तीन: फोन, यंत्रावर चिकटवायचं छोटं स्टिकर आणि कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र. व्यवसायाशी संबंध नसलेल्या माणसाला फोन करा, नाव एकदाच नेहमीच्या वेगाने सांगा आणि ऐकलं तसं लिहून पाठवायला सांगा. निकषच्या बाबतीत खरी खोट इथेच उघडी पडते. सुधारलेल्या पत्रातला परिच्छेद असा:

"निकष हे नाव अर्थाने आमच्या कामाला चपखल बसतं. पण आमची बरीचशी कामं फोनवर येतात आणि पलीकडे कारखान्यातली यंत्रं चालू असतात. तिथे निकषचं 'निकस' ऐकू येतं. मोजमापाच्या धंद्यात हा घोटाळा आम्हाला चालणार नाही. अर्थाची ही दिशा जरूर ठेवा, फक्त एक अक्षर चुकीचं ऐकलं की उलटा अर्थ होईल अशी नावं नकोत."

एवढ्याशा मजकुरातून सल्लागाराला काय ठेवायचं, काय टाळायचं आणि का, हे तिन्ही कळलं. शिवाय पुढचं प्रत्येक नाव पाठवण्याआधी तो स्वतःच फोनवर तपासून बघू शकतो.

सगळ्या यादीला एकच शेरा

पाचही नावं नाकारली असली तरी पाचांची कारणं वेगळी असतात. मिलिग्रॅम ऐकायला छान आहे, पण त्याने काम प्रयोगशाळेपुरतं वाटतं. वे-ब्रिजवाला ग्राहक या नावाकडे फिरकणारच नाही. ही व्याप्तीची अडचण.

'अचूक'ची अडचण कायद्याची आहे. सेवेचा गुण थेट सांगणारा शब्द ट्रेडमार्क म्हणून नोंदवणं अवघड जातं, कारण तो शब्द त्या व्यवसायातल्या इतरांनाही वापरावा लागतो. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला मनाने रचलेले शब्द येतात. जॉर्ज ईस्टमनने 1888 मध्ये नोंदवलेलं 'कोडॅक' हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. अशा शब्दाला आधीचा अर्थच नसतो, म्हणून तो राखायला सोपा आणि लोकांच्या तोंडी बसवायला जास्त मेहनतीचा. आपल्याला या दोन टोकांच्या मध्ये कुठे राहायचंय हे पत्रात लिहिलं, तर पुढच्या यादीचा रोख एकदम स्पष्ट होतो.

ध्रुव सगळ्यांना आवडलं, पण मालकाला त्याच कामातलं जवळपास तसंच नाव आढळलं. असं असेल तर "कॉमन वाटतं" असं मोघम लिहू नका. कुठे आढळलं आणि तो व्यवसाय नेमकं काय करतो, ते लिहा. ट्रेडमार्कची नोंदणी वर्गवार होते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 45 वर्ग आहेत. वजनकाटा ही वस्तू वर्ग 9 मध्ये, दुरुस्ती 37 मध्ये आणि कॅलिब्रेशन 42 मध्ये येतं. तेच नाव पूर्णपणे वेगळ्या क्षेत्रात असेल तर कदाचित अडणारही नाही. सल्लागाराची तपासणी मात्र प्राथमिकच असते. शेवटचा निर्वाळा ट्रेडमार्कच्या वकिलाकडूनच घ्यायचा.

नावांची जोडाजोड

कारणं लिहून झाली की मालकाचा हात शिवशिवतो आणि शेवटी ओळ येते: "ध्रुव आणि तोलिका मिळून ध्रुवतोल केलं तर?" ही ओळ मी तरी काढूनच टाकायला सांगेन. नावं सारखी आहेत का हे ठरवताना एकूण ठसा आणि त्यातला ठळक भाग बघतात, त्यामुळे पुढे 'तोल' जोडल्याने ध्रुवची अडचण मिटत नाही. शिवाय सल्लागार मूळ प्रश्न सोडून या जोडनावाचेच प्रकार काढत बसतो. त्याऐवजी तोलिकामधलं काय पटलं ते सांगा: "तोल ऐकताच काम कळतं, उच्चारही सोपा आहे. पण शेवट नाजूक वाटतो, ट्रक तोलणाऱ्या यंत्रावर तो शोभत नाही."

घरच्यांची, मित्रांची मतं पत्रात जशीच्या तशी ओतू नका. ती ऐका, त्यातलं पटलेलं आपल्या शब्दांत मांडा. आणि अंतिम होकार कोण देणार त्याचं नाव पत्रात एकदा लिहा, म्हणजे पुढे कुणा चौथ्याच्या नापसंतीने काम अडत नाही.

अपेक्षा बदलून गप्प राहणं

यादी वाचताना कधीकधी मालकाच्या लक्षात येतं की पुढे आपण वजनकाटे विकणारही आहोत. मग सगळी नावं तोकडी वाटू लागतात आणि पत्रात फक्त "दम नाही" एवढंच येतं. सल्लागाराने तर दुरुस्तीपुरतीच नावं शोधली होती. विक्री आली की वर्ग 9 ची तपासणी वाढते, 'सेवा' सुचवणारी नावं बाद होतात. म्हणून ही गोष्ट पत्राच्या सुरुवातीलाच, वेगळ्या परिच्छेदात हवी: "ही माहिती मूळ ब्रीफमध्ये नव्हती. यामुळे फेरी किंवा शुल्क वाढणार असेल तर काम सुरू करण्याआधी कळवा." असं लिहिलं की यादीतले दोष आणि नवी मागणी यांची गल्लत होत नाही.

पत्र पाठवण्याआधी करारातलं नाकारलेल्या नावांबद्दलचं कलम वाचून घ्या. अनेक करारांत फक्त निवडलेल्या नावाचे हक्क मालकाकडे येतात, बाकीची नावं सल्लागाराकडेच राहतात. कलम संदिग्ध असेल तर पत्रातच विचारा: "तोलिका आम्ही पुढे एखाद्या उत्पादनासाठी वापरू शकतो का, आणि कोणत्या अटीवर?"