‘युक्तिवाद अपुरा’ म्हणणाऱ्या परीक्षकाला उत्तर

संशोधन-नियतकालिकाकडे पाठवलेल्या लेखावर परीक्षकाने ‘युक्तिवाद पुरेसा विकसित झालेला नाही’ असं लिहिलं की पहिला मोह होतो तो आणखी दोन अवतरणं आणि एखादा सिद्धांतकार घुसवण्याचा. त्याने लेख फुगतो, खड्डा तसाच राहतो. बहुतेकदा उणीव असते ती उताऱ्यापासून निष्कर्षापर्यंत नेणाऱ्या पायरीची.

समजा, लेखाचा दावा आहे: दलित आत्मकथनात ‘मी’चा ‘आम्ही’ होतो, म्हणून ते समूहाची साक्ष ठरतं. यातला ‘म्हणून’ कुठेच सिद्ध केलेला नाही. गावच्या पाटलाच्या घरातलं कथनही ‘आम्ही’ म्हणतंच की! मग उतारे पुन्हा वाचायचे. भुकेच्या प्रसंगात ‘आम्ही’ येतं, शाळेच्या प्रसंगात ‘मी’ परततो, असं दिसलं तर दावाच आवळावा लागतो.

सुधारित लेखासोबत संपादकाला पाठवायच्या उत्तराच्या पत्रात परीक्षकाचं वाक्य जसंच्या तसं उतरवा आणि खाली लिहा: “आक्षेप मान्य. सर्वनाम बदलल्याने साक्ष कशी घडते, हे मूळ लेखात दाखवलं नव्हतं. पृ. ७, ओळी १२ ते ३० मध्ये भूक आणि शाळा या दोन प्रसंगांची तुलना जोडली आहे. त्यामुळे दावा सामूहिक अनुभवाच्या प्रसंगांपुरता मर्यादित केला असून प्रस्तावना व समारोपही त्यानुसार बदलले आहेत.”

नवं कळीचं वाक्य पत्रातच उद्धृत करा. संपादक अनेकदा आधी पत्र वाचतात. एखादी सूचना नाकारायची असेल, तर कारण लेखाच्या मर्यादेतूनच द्या. ‘जागेअभावी’ हे कारण लंगडं वाटतं.