लंडनवर पडलेले बॉम्ब आणि काय-स्क्वेअर: गुडनेस ऑफ फिट टेस्ट हाताने कशी करायची

१९४४ च्या जूनपासून जर्मनीने लंडनवर व्ही-१ उडते बॉम्ब सोडायला सुरुवात केली. लोकांना वाटायला लागलं की ठराविक भागांतच बॉम्ब पुन्हा पुन्हा पडतायत, म्हणजे नेम धरून मारतायत की काय. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, आर. डी. क्लार्क नावाच्या विमा-गणितज्ञाने (ॲक्च्युअरी म्हणतात तो) हे तपासलं. दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरचा भाग घेतला, त्याचे पाव-पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन पाडले आणि कुठल्या चौकोनात किती बॉम्ब पडले ते मोजलं. एकूण बॉम्ब ५३७.

गुडनेस ऑफ फिट टेस्ट शिकायची तर मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही, कारण पुस्तकात एका ओळीत उरकतात त्या दोन्ही गोष्टी, म्हणजे छोटे वर्ग एकत्र करणं आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम मोजणं, इथे चुकल्या तर काय होतं ते डोळ्यांनी दिसतं. कॅल्क्युलेटर घेऊन बसा, सगळं हातानेच होतं.

आधी मोजलेले आकडे लिहून घ्या

एकही बॉम्ब न पडलेले चौकोन २२९, एक पडलेले २११, दोन पडलेले ९३, तीन पडलेले ३५, चार पडलेले ७ आणि "पाच किंवा जास्त" असा फक्त १ चौकोन. बेरीज ५७६ येते का बघा, येते. आता त्या शेवटच्या चौकोनात नक्की किती पडले? तक्त्यात लिहिलेलं नाही पण काढता येतं: २११ + १८६ + १०५ + २८ म्हणजे ५३० बॉम्बांचा हिशोब लागला, एकूण ५३७, मग उरलेले ७ त्याच एका चौकोनात. हा ७ वाला चौकोन लक्षात ठेवा, पुढे तोच सगळा गोंधळ घालणार आहे.

मॉडेल बसवा आणि अपेक्षित आकडे काढा

बॉम्ब कुठेही, नेम न धरता पडत असतील तर चौकोनामागे पडलेल्या बॉम्बांची संख्या पॉयसाँ वितरणासारखी यायला हवी. पॉयसाँला एकच आकडा लागतो, सरासरी. ती आपल्याकडे आधीपासून नाहीये, ती याच डेटातून काढायची: ५३७ भागिले ५७६, म्हणजे ०.९३२३. "याच डेटातून काढली" हे कागदावर कोपऱ्यात लिहूनच ठेवा, कारण याची किंमत नंतर मोजायची आहे.

शून्य बॉम्बांची शक्यता e चा उणे ०.९३२३ वा घात, म्हणजे ०.३९३६५. तिला ५७६ ने गुणलं की २२६.७४ चौकोन. पुढचे आकडे काढायला पुन्हा सूत्रात शिरायची गरज नाही, आधीच्या आकड्याला सरासरीने गुणायचं आणि १, २, ३, ४ असं क्रमाने भागत जायचं.

| बॉम्ब | मोजलेले | अपेक्षित |
|---|---|---|
| ० | २२९ | २२६.७४ |
| १ | २११ | २११.३९ |
| २ | ९३ | ९८.५४ |
| ३ | ३५ | ३०.६२ |
| ४ | ७ | ७.१४ |
| ५ आणि वर | १ | १.५७ |

शेवटची ओळ "५" नसून "५ आणि वर" आहे हे बघा. पॉयसाँ कुठे थांबत नाही, ६, ७, ८ सगळ्याला थोडी थोडी शक्यता असतेच, म्हणून शेवटचा वर्ग कायम शेपटीसकट घ्यायचा आणि तो ५७६ मधून बाकीचे वजा करूनच काढायचा. नुसता "५" घेतला तर अपेक्षित आकड्यांची बेरीज ५७६ होत नाही आणि मग पुढचं सगळं गणित जरा तिरकंच जातं.

फरक मोजा

प्रत्येक ओळीत (O − E)² / E काढायचं. O म्हणजे मोजलेले, E म्हणजे अपेक्षित. फरकाचा वर्ग, भागिले अपेक्षित, आणि मग सगळ्यांची बेरीज. कार्ल पिअर्सनने १९०० मध्ये ही टेस्ट मांडली तेव्हापासून हेच सूत्र आहे. यात खाली E आहे, म्हणजे E छोटा असला की साधा फरकसुद्धा फुगून दिसतो. छोटे वर्ग एकत्र करायचे, म्हणजे पूल करायचे, ते याच कारणाने.

किती फुगतो ते एकदा करूनच बघा. समजा कोणी पूल केलंच नाही आणि ५, ६ आणि "७ आणि वर" असे तीन वेगळे वर्ग ठेवले. त्यांचे अपेक्षित आकडे येतात १.३३, ०.२१ आणि ०.०३१. मोजलेले आहेत ०, ० आणि १. त्या शेवटच्या एका ओळीत ०.९६९ चा वर्ग भागिले ०.०३१ केलं की साधारण ३० येतं! सगळ्या आठ ओळींची बेरीज ३२.७ च्या आसपास, त्यातले ३० एकट्या चौकोनाचे. ६ डिग्रीज ऑफ फ्रीडमला ५ टक्क्यांची मर्यादा १२.५९ आहे, म्हणजे टेस्ट ओरडून सांगणार की पॉयसाँ साफ चुकलं. आणि वरचा तक्ता बघून मॉडेल तर मस्त बसलेलं दिसतंय. मग चूक कोणाची? काय-स्क्वेअरचा जो छापील तक्ता आपण वापरतो तो अंदाजे जुळवलेला असतो, प्रत्येक वर्गात बऱ्यापैकी अपेक्षित संख्या असेल तरच तो लागू पडतो. अपेक्षित ०.०३१ असलेल्या वर्गात एकतर काहीच येणार नाही किंवा आलं तर सरळ ३० येणार, मधलं काही नाहीच.

आता पूल करा, पण E बघून

कॉलेजात शिकवतात तो नियम म्हणजे प्रत्येक वर्गात अपेक्षित किमान ५ हवेत. त्या हिशोबाने "५ आणि वर" (१.५७) शेजारच्या ४ मध्ये (७.१४) मिसळायचा, झाला "४ आणि वर": मोजलेले ८, अपेक्षित ८.७१. विल्यम कॉकरनने १९५४ मध्ये जरा सैल नियम दिला, की पाचाच्या खालचे वर्ग एकूण वर्गांच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत आणि कुठलाही १ च्या खाली नसावा. त्याप्रमाणे वरचा सहा ओळींचा तक्ता तसाच चालतो, सहात एकच छोटा आहे आणि तोही १ च्या वर.

दोन गोष्टी मात्र पक्क्या पाळा. पूल करायचं की नाही हे E बघून ठरवायचं, O बघून नाही, कारण O बघून वर्ग जोडायला लागलात तर नको असलेला फरक शेजाऱ्यात लपवता येतो आणि ते नकळतही होतं. आणि जोडायचं ते शेजारच्यालाच, ४ ला ५ जोडा, ० ला ५ जोडू नका, त्याला काही अर्थ राहत नाही.

पूल केल्यावर पाच ओळी: ०.०२२, ०.००१, ०.३११, ०.६२६ आणि ०.०५७. बेरीज १.०२. तोच डेटा, तेच मॉडेल, ३२.७ चे १.०२ झाले.

डिग्रीज ऑफ फ्रीडम

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. मोजणी पूल केल्यानंतर उरलेल्या वर्गांपासून सुरू करायची, आधीच्या नाही. आपल्याकडे ५. त्यातून १ वजा, कारण बेरीज ५७६ ला बांधलेली आहे, चार आकडे कळले की पाचवा आपोआप ठरतो. अजून १ वजा, कारण सरासरी आपण याच डेटातून घेतली (कोपऱ्यात लिहिलंय ते), म्हणजे मॉडेलला डेटाच्या जवळ आणून बसवलं, मग फरक थोडे कमी दिसणारच. राहिले ३.

दुसरा वजा १ विसरायला होतो यात नवल नाही, खुद्द पिअर्सननेही तो धरला नव्हता, १९२२ मध्ये फिशरने ते दुरुस्त केलं. सरासरी बाहेरून मिळाली असती, डेटाला हात न लावता, तर हा १ वजा करायचा नसतो आणि ४ राहिले असते. नॉर्मल वितरण बसवताना सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही डेटातून घेतले तर २ जातात.

३ ला ५ टक्क्यांची मर्यादा ७.८१ आहे, आपले १.०२ त्याच्या खूप खाली, p साधारण ०.८०. सहा वर्ग ठेवून केलं तर १.१७, डिग्रीज ४, p ०.८८. दोन्हीकडून उत्तर एकच, पॉयसाँ नाकारायला काही कारण दिसत नाही. उत्तर पूल करण्याच्या पद्धतीवर पलटत असेल तर मात्र दोन्ही आकडे लिहा, आवडला तो एक नाही.

इथे डिग्री चुकली असती तरी निष्कर्ष बदलला नसता, पण बेरीज समजा ८.५ आली असती तर ३ ला ती मर्यादेच्या वर आणि ४ ला (मर्यादा ९.४९) खाली, म्हणजे निकालच उलटा.

कंप्युटरवर करत असाल तर त्याला तुम्ही सरासरी कुठून आणली ते माहीत नसतं, सांगावं लागतं. पायथॉनमध्ये ते `ddof=1` ने होतं:

```
from scipy.stats import chisquare
O = [229, 211, 93, 35, 8]
E = [226.74, 211.39, 98.54, 30.62, 8.71]
print(chisquare(O, E, ddof=1))
```

`ddof` न लिहिता चालवलं तर काही एरर येत नाही, गुपचूप ४ धरून p ०.९१ देतं. म्हणून मी आधी कागदावर डिग्री लिहितो, मगच स्क्रीनकडे बघतो.

मग त्या ७ वाल्या चौकोनाचं काय?

पूल केल्यामुळे तो दिसेनासा झाला हे खरंय आणि ते मान्य करायलाच हवं. त्याचा वेगळा हिशोब करा: ७ किंवा जास्त बॉम्ब पडलेले चौकोन ५७६ मध्ये सरासरी ०.०३१ अपेक्षित, म्हणजे असा निदान एक चौकोन दिसायची शक्यता शंभरात तीनेक. ३२.७ वाली टेस्ट जे लाखात एखाद्या वेळचं म्हणून दाखवत होती ते प्रत्यक्षात शंभरात तीन निघालं. दुर्मीळ आहे, पण डेटा बघून झाल्यावर सगळ्यात विचित्र चौकोन उचलून हा प्रश्न विचारलाय, म्हणून याच्यावर फार उड्या मारता येत नाहीत.

बॉम्ब खरंच ठराविक भागांत गोळा होऊन पडले असते तर तक्त्यात ० वाले आणि ४ च्या वरचे दोन्ही वाढले असते आणि १, २ वाले घटले असते. ते पटकन तपासायला सरासरी आणि प्रसरण, म्हणजे व्हेरियन्स, शेजारी ठेवा. पॉयसाँमध्ये दोन्ही सारखे असतात आणि इथे ०.९३ आणि ०.९७ आहेत. क्लार्कने भागही असा निवडला होता की त्यात सगळीकडे बॉम्ब पडायची शक्यता जवळपास सारखीच होती. दाट मारा झालेले आणि विरळ मारा झालेले भाग एकाच तक्त्यात घातले असते तर नेम न धरताही पॉयसाँ बसलं नसतं.

आणि या टेस्टला नकाशा दिसत नाही. २ वाले ते ९३ चौकोन एकमेकांना चिकटून असोत की अख्ख्या दक्षिण लंडनभर विखुरलेले, तक्ता तोच आणि १.०२ ही तेच. शेजारचे चौकोन एकमेकांसारखे आहेत का हे विचारायचं असेल तर चौकोनांच्या जागा घेऊन वेगळी टेस्ट करावी लागते.