कासवांच्या भागाचं थंबनेल आणि शीर्षक: अपलोडआधीची तयारी

कोकणातल्या एका ॲनिमेशन मालिकेचा सातवा भाग यूट्यूबवर जाणार आहे, असं धरू. गोष्ट वेळासच्या किनाऱ्यावरची. दोन भावंडं रात्री कासवाच्या अंड्यांची राखण करतात, कोल्हा येऊन वाळू उकरू लागतो, पोरं त्याला हाकलतात आणि पहाटे पिल्लं समुद्राकडे निघतात.

चित्र काढायला बसण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: हा भाग पाहणाऱ्याला काय मिळणार? इथे ते आहे, ‘राखलेली पिल्लं पाण्यापर्यंत पोहोचतात का, ते कळणार.’ मग थंबनेलसाठी सुचलेली प्रत्येक कल्पना भागात कितव्या मिनिटाला दिसते, ते तिच्यापुढे लिहा. जबड्यात कासव धरलेला कोल्हा डोळ्यांत भरेल खरा, पण त्याच्यापुढे मिनिट लिहिता येत नाही, म्हणून तो बाद. वाळू उकरणारा कोल्हा चालेल. मात्र तो भागात वीस सेकंदच असेल तर चित्राची निम्मी जागा त्याला देऊ नका. बघणारा कोल्ह्याची गोष्ट समजून येईल आणि पिल्लं दिसताच निघून जाईल. शिवाय थंबनेलमधला प्रश्न भागाच्या पहिल्या तीस सेकंदांत यायला हवा. शीर्षकगीतच चाळीस सेकंदांचं असेल तर आधी घरट्याचा एक छोटा शॉट आणि मग गीत, असा क्रम लावा.

आता चित्र. चालत्या भागातली फ्रेम जशीच्या तशी उचलली तर हात धूसर आणि डोळे अर्धे मिटलेले येतात, म्हणून पोझ वेगळी करावी लागते. पण ती त्याच रिगवर, म्हणजे पात्राच्या हलवता येणाऱ्या सांगाड्यावर, त्याच रेषेत आणि त्याच रंगांत. भाग साध्या कटआउट पद्धतीचा आणि थंबनेल मात्र चकाचक थ्रीडी, ही ॲनिमेशनमधली सर्रास चालणारी फसवणूक आहे, आणि ती पहिल्याच शॉटला उघडी पडते.

इथली खरी अडचण पिल्लाच्या रंगाची. ऑलिव्ह रिडले कासवाचं पिल्लू काळपट करडं असतं, हिरवं नव्हे. भागात ते खऱ्या रंगात असेल तर रात्रीच्या वाळूवर मोबाइलमध्ये दिसतच नाही. हिरवं करून टाकण्याचा मोह होतो, पण त्याची गरज नाही. पहाटेचा प्रसंग घ्या, कॅमेरा वाळूला टेकवा आणि पिल्लामागे ओल्या वाळूवर पडलेला आकाशाचा उजेड ठेवा, म्हणजे काळी आकृती आपोआप सुटी दिसते. कॅमेरा खाली आल्यामुळे पिल्लू मोठंही वाटतं, आणि भावंडांचे चेहरे मागे लहान ठेवले की मापाबद्दल खोटं बोलावं लागत नाही. मग चित्र कृष्णधवल करा आणि १६० पिक्सेल रुंदीवर आणून हातभर अंतरावरून बघा. पिल्लू, समुद्र आणि पोरं ओळखू आली तर पुढे जा.

मूळ फाइल १२८० × ७२० पिक्सेलची, २ एमबीच्या आत. उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हिडिओची लांबी छापली जाते, म्हणून तिथे पिल्लू किंवा अक्षर नको. मजकूर हवाच असेल तर दोन-तीन शब्द, मुक्ता किंवा बालूसारख्या ठसठशीत फॉन्टमध्ये. जाड आउटलाइन दिली की देवनागरीतल्या मात्रा आणि जोडाक्षरांमधली पोकळी बुजते; त्यापेक्षा मागे सपाट रंगाची पट्टी बरी. रफार आणि वेलांटी वर कापली जात नाही ना, तेही बघा.

शीर्षकात चित्रातलंच पुन्हा सांगू नका. ‘कोल्ह्याने पिल्लू खाल्लं?’ हे सरळ खोटं आहे, कारण उत्तर ‘नाही’ हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. ‘वेळासची कासवं’ खरं आहे, पण त्यात ओढ नाही. ‘पिल्लं समुद्रापर्यंत पोहोचतील? | वेळासची रात्र | भाग ७’ हे चालेल. मर्यादा १०० अक्षरांची असली तरी मोबाइलवर शेवट कापला जातो, म्हणून प्रश्न पुढे आणि भागाचा क्रमांक मागे. मात्रा आणि हलन्त स्वतंत्र मोजले जातात, त्यामुळे ‘किल्ला’ची सहा अक्षरं होतात.

यूट्यूब स्टुडिओमध्ये तीन थंबनेलपर्यंत तुलना करण्याची सोय आहे, आणि तिचा निकाल क्लिकवर नव्हे तर पाहण्याच्या वेळेवर ठरतो. मात्र ‘मुलांसाठी बनवलेला’ अशी नोंद असलेल्या व्हिडिओला ती मिळत नाही. तिथे थंबनेल हातानेच बदलावं लागतं, आणि त्या वेळी शीर्षकाला हात लावायचा नाही, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. आठवड्याने दोन आकडे शेजारी ठेवा: क्लिक-थ्रू रेट, म्हणजे थंबनेल जितक्या वेळा दिसलं त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं, आणि पहिल्या तीस सेकंदांनंतर टिकलेले प्रेक्षक. क्लिक भरपूर आणि टिकलेले कमी असतील तर चित्राने जास्त कबूल केलंय, किंवा कबूल केलेलं भागात उशिरा येतंय. क्लिक कमी पण आलेले टिकत असतील तर भाग ठीक आहे. फक्त थंबनेल बदला, आणि सुरुवात पिल्लामागच्या उजेडापासून करा.