'ला' दिसला की थांबा: द्वितीया की चतुर्थी?

आमच्या इंदूरच्या घरी दर रविवारी सहा-सात मुलं मराठी व्याकरण शिकायला येतात. शाळेत सगळं हिंदी, घरी आजीशी मराठी. विभक्ती ओळखताना त्यांची गाडी नेमकी एकाच जागी अडते, आणि लहानपणी माझीही तिथेच अडायची. म्हणून बाकीचं पटकन उरकून त्या जागेवर जाऊ.

आधी क्रियापद शोधा. मग प्रत्येक नामाचं शेपूट बघा. ने, नी, शी असेल तर तृतीया. ऊन, हून असेल तर पंचमी. चा, ची, चे असेल तर षष्ठी. त, ई, आ असेल तर सप्तमी. कुणाला हाक मारलेली असेल तर संबोधन. शेपूट काढल्यावर उरलेला शब्द मोडकातोडका दिसला तर घाबरू नका. 'नातवाला'मधलं 'नातवा' हे 'नातू'चंच सामान्यरूप आहे.

आता 'ला'. द्वितीया आणि चतुर्थीचे तक्ते शेजारी ठेवून बघा: एकवचनात स, ला, ते आणि अनेकवचनात स, ला, ना, ते, दोन्हीकडे तेच. म्हणजे रूपावरून काहीही कळणार नाही. तक्ता शंभरदा घोकून घेणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठीच.

याहून वाईट सल्ला म्हणजे "ला काढून साठी लावून बघ, जमलं तर चतुर्थी." हा हिंदीतल्या 'को, के लिए'वरून आलेला आहे. मीही तोच वापरायचे आणि परीक्षेत मार खायचे. 'आजीने नातवाला पैसे दिले' इथे 'नातवासाठी पैसे दिले' म्हटलं तर अर्थच बदलतो, कारण मग पैसे दुसऱ्या कुणाच्या हातात दिलेले असू शकतात. तरीही 'नातवाला' चतुर्थीच आहे.

मी मुलांना एकच युक्ती करायला लावते. वाक्य 'गेला, गेली, गेलं' लावून उलटवा आणि 'ला' गाळता येतो का ते बघा. ही दोन वाक्यं घ्या:

आजीने सराफ्यात नातवाला भुट्ट्याचा कीस दिला.
आजीने गर्दीत नातवाला शोधलं.

पहिलं उलटवलं की 'नातवाला कीस दिला गेला' होतं. 'नातवाला' हललं नाही, म्हणजे तो घेणारा आहे, संप्रदान, चतुर्थी. दुसरं उलटवलं की 'नातू शोधला गेला'. 'ला' गळून पडला, नातू पुढे येऊन बसला, म्हणजे तो कर्म होता; द्वितीया. 'नातवाला शोधलं गेलं' असंही कानावर येतं, पण 'ला' गाळता येतो, एवढं पुरे.

पहिल्या वाक्यातलं उरलेलं पाहू. 'आजीने' तृतीया, 'सराफ्यात' सप्तमी, 'भुट्ट्याचा' षष्ठी. 'कीस' हे कर्म आहे, पण त्याला प्रत्ययच नाही. निर्जीव कर्म बहुधा असंच उघडं येतं. त्याला काही पुस्तकं प्रथमा म्हणतात, काही द्वितीया. तुमच्या पुस्तकात जे असेल तेच लिहा, यावर भांडण्यात अर्थ नाही.

'मला आंबा आवडतो' हे वाक्य उलटतच नाही. मग क्रियापद कुणामागे जातं ते बघा: 'मला आंबे आवडतात'. ते आंब्यामागे गेलं, म्हणजे आंबा कर्ता. वाक्यात कर्म नाही, म्हणून द्वितीयेचा प्रश्नच नाही; 'मला' चतुर्थी. 'मला ताप आला'चंही तसंच.

हिंदीवाल्या मुलांसाठी आणखी एक खड्डा. 'मैंने आम खाया'मध्ये 'ने' दिसतो, पण मराठीत 'मी आंबा खाल्ला' म्हणताना दिसत नाही, आणि मुलं 'मी'ला डोळे मिटून प्रथमा लिहितात. 'मी'च्या जागी 'आजी' ठेवा. 'आजीने आंबा खाल्ला' असं म्हणावं लागलं, म्हणून ही 'मी' तृतीया. 'मी आंबा खाते' याचं मात्र 'आजी आंबा खाते' होतं, तिथे प्रथमा. 'मी चहा प्यायले'चंही 'आजी चहा प्यायली' होतं, म्हणून तिथेही प्रथमाच.

युक्ती कुठे संपते तेही सांगते. 'काका इंदूरला राहतात.' यात जागेचा अर्थ आहे म्हणून मुलं सप्तमी लिहून मोकळी होतात. चूक. विभक्ती शेपटावरून ठरते आणि कारक अर्थावरून. अर्थ अधिकरणाचा असला तरी 'ला' हा सप्तमीचा प्रत्यय नाही. वाक्यात कर्म नाही, म्हणून मी इथे चतुर्थी लिहायला लावते. 'काका इंदुरात राहतात' म्हटलंत, तर खुशाल सप्तमी लिहा.