कपाटातल्या कन्सोलला वायफाय पोहोचेना?

टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात प्लेस्टेशन ठेवलं की गेम अडकत चालतो. राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये हा उपाय लागू पडला.

राउटर टीव्हीमागून काढा आणि चार-पाच फूट उंचीवर, कप्प्याच्या उघड्या बाजूसमोर ठेवा. मध्ये आरसा किंवा लोखंडी तिजोरी नको.

अँटेनाचं टोक कन्सोलकडे रोखू नका. सिग्नल टोकातून नाही, दांडीच्या आजूबाजूला पसरतो. एकाच मजल्यावर असाल तर अँटेना सरळ उभ्या ठेवा. कन्सोल वरच्या मजल्यावर असेल तर एक आडवी करा. दर बदलानंतर कन्सोलवरच नेटवर्क टेस्ट लावा, मोबाईलवर नको, कारण मोबाईल कप्प्याबाहेर असतो.

खेळताना कप्प्याचं दार उघडंच ठेवा, नाहीतर कन्सोल तापतो.