३७ अंश ३० मिनिटांनी घातलेला घोळ

अकरावीच्या गृहपाठात गणित होतं: त्रिज्या १२ सेंमी, केंद्रीय कोन 37°30′, कंसाची लांबी काढा. सूत्र s = rθ, पण θ रेडियनमध्ये हवा. मी बिनधास्त 37.30 ला π/180 ने गुणलं आणि 373π/1800 असलं काहीतरी बेढब आलं. लांबी ७.८१ सेंमी. पुस्तकात उत्तर ७.८५.

आधी वाटलं, π ची किंमत ३.१४ धरल्याने फरक पडला असेल. अर्धा तास तिथेच गेला. मग ताईने वहीत डोकावून विचारलं, "साडेसात वाजले की तू ७.३० तास म्हणतोस का?"

तिथे ट्यूब पेटली. एका अंशात ६० मिनिटं, म्हणजे ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश. कोन 37.5°, 37.30° नव्हे. आता 37.5/180 ला वर-खाली दोनने गुणलं: 75/360, म्हणजे 5/24. θ = 5π/24, आणि लांबी 12 × 5π/24 = 5π/2, साधारण ७.८५ सेंमी.

खरं तर 373/1800 बघूनच संशय यायला हवा होता. गृहपाठातले कोन सहसा इतके आडमुठे नसतात. आता मी उलटं करूनही बघतो: π च्या जागी १८० घालायचे, 5 × 180/24 = 37.5.