हॉट वर्क परमिट: कटिंग वर, आग खाली

परळच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर प्लंबिंग शाफ्टजवळ गॅस कटरने जुना ब्रॅकेट कापायचा आहे, असं समजा. अशा ठिणग्या उडणाऱ्या कामाआधी घ्यायच्या लेखी परवानगीवर, म्हणजे हॉट वर्क परमिटवर, बहुतेक वेळा फक्त 'चौदावा मजला' लिहिलं जातं. खरा धोका मात्र शाफ्टमधून खाली पडणाऱ्या ठिणग्यांचा. आडव्या दिशेला त्या साधारण 11 मीटरपर्यंत जातात. शाफ्ट उघडा असेल तर थेट खालच्या मजल्यांवर. तिथे क्युरिंगचं वाळलेलं गोणपाट, थर्माकोल, शटरिंगचा प्लाय पडलेला असतोच.

म्हणून सही करण्याआधी सेफ्टी ऑफिसरने खालचे मजले स्वतः फिरून पाहावेत. शाफ्टचं तोंड फायर ब्लँकेटने झाका. हिरवी जाळी बाजूला घ्या, नाहीतर तीही झाका. आगीवर नजर ठेवणारे फायर वॉचर दोन हवेत, एक वर आणि एक खाली, दोघांकडे एक्स्टिंग्विशर. वेल्डरच्या हेल्परला वॉचर नेमू नका, तो सिलिंडर नि होजमध्येच अडकतो.

कटिंग संपलं की परमिट लगेच बंद करू नका. गोणपाट आतल्या आत धुमसतं, ज्वाळा उशिरा दिसते. किमान अर्धा तास, माझ्या मते पूर्ण एक तास, वॉचर तिथेच थांबायला हवा. जळका वास येतोय का बघा, संशय आला तर ढीग उपसून पाणी मारा. सहाला साइट सुटत असेल तर कटिंग पाचला थांबवा. वॉच संपल्याची वेळ लिहून वॉचरने सही केली, की मगच परमिट बंद.